त्या हारातलं अर्धं सूत माझं

तुमच्या घरातली शिकलेली मुलगी लग्नाला नको म्हणाली, तर तुम्ही तिला काय विचारता?

मला माहीत आहे काय विचारता ते. मुलगा आवडला नाही का? सासर लांब पडतं का? हुंडा मागतात म्हणून राग आलाय का? ती यातल्या एखाद्या प्रश्नाला मान हलवते आणि तुम्ही हुश्श करता. मग ते कारण दूर करायच्या मागे लागता. कारण दूर झालं की नकारही गेला, असं धरून चालता. चांगल्या घरात हेच होतं, सुधारलेल्या घरात तर हमखास होतं. माझ्या बाबतीत ते माझ्याच माणसांनी केलं, माझ्याच शब्दांनी केलं, म्हणून लिहायला बसले आहे.

माझे बाबा पुलगावच्या एका लहानशा छापखान्यात छपाईचे खिळे जुळवत. घर नाचणगावात. छपाईत बिघडलेले कागद ते घरी आणत, आणि आमच्या घरात त्या कागदांशिवाय एक कोपरा नव्हता. डब्यांखाली पत्रकं, पुस्तकांना कव्हर पत्रकांचं, भाकरी बांधायची तर पत्रकात. आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले देव गेले आणि त्या कोनाड्यात बाबांनी पत्रकांचा गठ्ठा ठेवला. मी वाचायला शिकले ती त्यावर. गिरणी कामगारांची मागणी, विहिरीचा सत्याग्रह, परीक्षा फीचा निषेध, मी सगळं मोठ्याने वाचायची आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आयका, आमच्या घरी रोजच सभा हाय."

त्यामुळे माझी अशी समजूत होती की जगात जे जे आहे त्याला पत्रकात एक शब्द असतो. नसेल तर ती गोष्ट नसते.

ही समजूत घेऊन मी वर्ध्याला मुलींच्या वसतिगृहात राहायला आले. आणीबाणी नुकतीच उठली होती. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि जो भेटेल त्याला समता शिकवत होते. वसतिगृह जुन्या सेवाभावी वळणाचं. झाडलोट, भांडी, स्वयंपाक सगळं मुलींनी करायचं, आणि रोज संध्याकाळच्या प्रार्थनेआधी थोडं सूत कातायचं. कामं जोडीने असत. रेक्टरबाई दर महिन्याला फळ्यावर जोड्या लिहीत.

माझ्या नावाशेजारी ती आली. वडनेरची. घरी शेती, दोन बैलजोड्या, वडील गावात मान असलेले. उंच, सावळी, बोलताना एक भुवई वर. पहिल्याच दिवशी कणीक मळता मळता मी तिला स्त्रीच्या घरकामाबद्दल सांगायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सांगून झालं असन तं हात लाव वं पुढारीनबाई. तुह्या भाषनानं कनीक भिजत नाई."

तेव्हापासून मी तिची पुढारीण झाले.

मैत्री कशी झाली हे सांगता येत नाही, पण कशाकशाला मी मैत्री समजले ते सांगता येतं. महिना संपला, फळ्यावर नव्या जोड्या लागल्या, आणि ती देवळीच्या एका मुलीबरोबर भाजी चिरायला बसली. त्या मुलीने काहीतरी म्हटलं आणि ती हसली. तेच हसणं, भुवई वर करून.  मी तडक रेक्टरबाईंकडे गेले आणि सांगितलं की दर महिन्याला जोड्या मोडल्याने कामात सातत्य राहत नाही, सामुदायिक जीवनाची शिस्त बिघडते. मला ते सगळं खरंच वाटत होतं. बाई म्हणाल्या, "एवढी शिस्तीची काळजी कुणालाच नाही ग इथे." आणि जोड्या कायम केल्या. मी जिंकले. तत्त्व जिंकलं असं मी मानलं.

मग मी तिच्या गावाला गेले, दिवाळीच्या आधी, कापूस फुटला होता तेव्हा. तिच्या आईने ओट्यावर चहा दिला. सगळ्यांना कपबशी, मला कोनाड्यातला कान तुटलेला वेगळा कप. मला हे नवीन नव्हतं. मी मनात भाषण जुळवत होते, कुठल्या वाक्याने सुरुवात करावी याचं. तेवढ्यात ती आली, माझ्या हातातला कप तिने काढून घेतला, माझा उष्टा चहा एका दमात प्यायली आणि आईला म्हणाली, "माय, आता हा कप कोनत्या कोनाड्यात ठेवतं?"

आई उठली. आत निघून गेली. परतीच्या एस.टी.त मी तिला म्हणाले, "तू आज केलंस ते शंभर पत्रकांच्या बरोबरीचं होतं."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्या काई पत्रक काढून नाई राह्यली. तुह्या तोंडाकडं पायलं नाई गेलं मले."

मी हे वाक्य ऐकलं आणि त्याचा अर्थ लावला: बंधुभाव. फार तर भगिनीभाव.

वसतिगृहातल्या मुलींना आमच्याआधी समजलं होतं, पण त्यांनाही आपल्याला समजलंय हे माहीत नव्हतं. जेवायला आम्ही एकत्र आलो की पंगतीतून कुणीतरी ओरडायचं, "सरका वं, नवराबायको आले." एक जण विचारायची, "यातला नवरा कोनता?" ती म्हणायची, "जो भाषन देते तो नवरा. जे आयकते ते बायको." सगळ्या हसायच्या. आम्हीही हसायचो. त्या हसण्याच्या आडोशाला आम्ही दोन वर्षं निर्धास्त राहिलो. दोन मुली एका ताटात जेवल्या, एकमेकींच्या वेण्या घातल्या, एका पांघरुणात अभ्यास केला, तर कोण काय म्हणणार? मुलाशी नुसतं बोललं तरी घरी निरोप जायचा. आमच्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहत नव्हतं. मोकळीक एवढी होती की तिला काही नाव असेल असं वाटलंच नाही.

तिच्या गावाहून आले त्याच दिवाळीच्या सुट्टीत मला पहिल्यांदा शंका आली होती. नाचणगावात मी घरभर फिरत होते. वाचलं तर डोक्यात जात नव्हतं. काही घडलं, शेजारच्या काकूंची बकरी घरात शिरून पत्रकं खाऊन गेली, तर हसण्याआधी मनात यायचं: हे तिला कसं सांगायचं. दिवसभर मी तिला सांगायच्या गोष्टी जमवत होते. आरशात केस विंचरताना मला माझा हात तिच्या हातासारखा हळू चालतोय असं वाटलं, आणि मी कंगवा खाली ठेवला. आई म्हणाली, "काऊन वं, कोनाची वाट पाहून राह्यली?" मी म्हणाले, "कॉलेज सुरू व्हायची."

सुट्टी संपली. पुलगावहून पॅसेंजरने वर्ध्याला उतरले तर ती स्टेशनवर. तिची गाडी हिंगणघाटकडून कधीच येऊन गेली होती. म्हणाली, "सहज थांबली होती." तिच्या साडीला बाकावरची धूळ लागली होती, पाठीवरून खालपर्यंत. सहज थांबणाऱ्या माणसाला एवढी धूळ लागत नाही. मी ती झटकायला हात पुढे केला आणि मध्येच थांबले. याआधी मी शंभर वेळा तिची पाठ झटकली होती. त्या दिवशी मला विचार करावा लागला. तिनेही ते पाहिलं. चालताना आम्ही दोघी उगाच मोठ्याने बोलत होतो.

आता सुताबद्दल सांगायला हवं.

ती घरून स्वतःच्या शेतातला कापूस आणायची. तो पिंजून, त्याचे पेळू, म्हणजे बोटभर वळकट्या, करून आम्ही कातायचो. माझं सूत पीळ जास्त झालेलं, ताठ, तटकन तुटणारं. तिचं मऊ, पण पीळ कमी, हातात घेतलं तर विरून जाईलसं. इतर मुली आपल्या सुताच्या गुंड्या खादी भांडारात देऊन बदल्यात कापड घेत. आम्ही दिल्या नाहीत. आम्हाला आमच्याच सुताची एक चादर हवी होती. कशासाठी ते तेव्हा बोललो नव्हतो. ओळखीच्या विणकराने दोन्ही सुतं बोटांत धरून पाहिली आणि म्हणाला, "हे असं मागावर टिकत नाई पोरीहो. एकीचं तुटते, एकीचं सुटते. दोघीचं मिळून दुपदरी करून आना, मंग पाहू."

दोन धागे एकत्र पिळायचे तर चरखा उलटा फिरवावा लागतो. एकीने चाक फिरवायचं, दुसरीने दोन्ही धागे बोटांच्या फटीत वेगळे धरून सारख्या ताणाने सोडायचे. एक धागा सैल आणि एक ताठ राहिला तर ताठ धागा सरळ जातो आणि सैल धागा त्याच्याभोवती नुसता वेटोळे घेत राहतो. ते दुपदरी सूत नव्हे. दोघांनी सारखं वळलं तरच पीळ बसतो. आम्ही कितीतरी गज असे वाया घालवले.

एका रविवारी दुपारी बाकी मुली बाजारात गेल्या होत्या. मी चाकावर, ती धागे धरून समोर. त्या दिवशी सूत नीट उतरू लागलं. दोघी बोलायच्या थांबलो. धागा तिच्या बोटांतून माझ्याकडे येत होता आणि तिने श्वास घेतला की तो धाग्यात कळत होता, इतका बारीक ताण. मी वर पाहिलं. ती धाग्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती, किती वेळापासून कोण जाणे. माझा हात चाकावर थांबला.

ती म्हणाली, "हे काय होय वं?"

मी न कळल्यासारखं म्हणाले, "काय?"

"हेच. तुले सारं येते ना. सांग मंग."

मी म्हणाले, "सख्य. म्हणजे भगिनीभावाचं एक…"

"तुह्या कागदावरचा शब्द नको." तिने धागे सोडले नव्हते. "माही बहीन हाय घरी. तिच्यासाठी मी टेसनावर नाई बसत. तुले काय होते ते सांग."

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे शब्द नव्हता. एवढ्या सभा, एवढे कागद, आणि एक शब्द नाही. मला रडू आलं, ते दुःखाचं नव्हतं, अपमानाचं होतं. ती धागे खाली ठेवून उठली, माझ्याजवळ बसली, माझा हात घेऊन तिने आपल्या गालावर ठेवला आणि मग तळव्याला ओठ लावले. सुताच्या धुळीने माझा तळवा खरखरीत झाला होता. म्हणाली, "पुढारीनबाई गप्प झाल्या म्हंजे गोष्ट खरी हाय."

त्यानंतर आम्ही शब्द शोधला नाही. काम ठरवलं. आम्हाला ते जास्त जमत होतं. परीक्षा झाली की दोघींनी बी.एड. करायचं, शाळेत लागायचं, एक खोली घ्यायची. वेडेपणा नव्हता तो, पूर्ण विचार करून केलेला बेत होता. बोरगाव मेघेत एका विधवा काकूंची खोली पाहूनही आलो. काकू म्हणाल्या, "पोट्टे ठेवत नाई मी. दोघी पोरी असान तं बरंच, येकमेकीले सोबत." खोलीत एक खिडकी होती, बाहेर कडुनिंब. तिने हातांनी मोजून सांगितलं चादर किती लांब लागेल. दुपदरी सूत त्या चादरीसाठी होतं.

अडचण एकच होती. तिच्या घरी स्थळं येत होती. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि कारण माझ्याकडे तयार होतं, छापून.

शहरात आमचा एक अभ्यासवर्ग होता. चालवणाऱ्या बाईंना सगळ्या ताई म्हणत. निर्भय बाई. हुंड्याविरुद्धचं आमचं पत्रक मी लिहिलं, बाबांनी जुळवलं. 'जो आपली किंमत मागतो तो विकाऊ आहे, त्याला नकार द्या.' हे वाक्य माझं. ती ते घेऊन वडनेरला गेली आणि बापासमोर वाचलं. हुंडा मागणाऱ्या घरी मी जाणार नाही. बापाला राग आला पण मनातून पोरीचा अभिमानही वाटला. गावात सांगू लागला, "माही पोरगी पैसे मांगनाऱ्याच्या दारात पाय नाई ठेवत." एक स्थळ गेलं, दुसरं गेलं. परत आली की ती हसत सांगायची, "तुह्या पत्रकानं अजून येक उडवला." आम्हाला वाटलं, ढाल सापडली. ती ढाल किती पातळ आहे हे दोघींनाही दिसलं नाही.

कारण एक दिवस असा मुलगा आला ज्याने काही मागितलं नाही.

आणि तो आणला ताईंनी. शाळेत शिक्षक, खादी घालणारा, दारू नाही, विडी नाही. नोंदणी विवाह करीन म्हणणारा, बायकोला पुढे शिकवीन म्हणणारा. ताईंच्या कानावर वडनेरच्या बाणेदार मुलीची गोष्ट गेली होती, माझ्याकडूनच. त्या त्याला घेऊन थेट तिच्या घरी गेल्या. मला नंतर कळलं. ताई आनंदाने सांगत आल्या, "अगं, तुझ्या पत्रकाचं पहिलं फळ! तुझ्याच मैत्रिणीचं जमलं."

मी त्याच दिवशी एस.टी. पकडली. परीक्षा संपल्या होत्या, ऊन मी म्हणत होतं. ती शेतात होती, कापसाची वाळलेली झाडं, पऱ्हाटी, उपटून ढीग लावत होती. मला पाहिलं आणि हातातली काडी टाकली नाही.

"हो म्हटलंस?" मी विचारलं.

"हो."

"काऊन?"

"नाई कायनं म्हनू?" ती उपटतच राहिली. "हुंडा मांगत नाई. पेत नाई. शिकू देतो म्हन्ते. बापानं मले इचारलं, आता काय कमी हाय त्याच्यात? मले सांगता नाई आलं. तूच सांग, तुह्या पत्रकात अजून काय लिवलं हाय?"

"मी आहे ना."

"तू कोन होय माही?" आता ती थांबली. "मायले काय सांगू? बापाले काय सांगू? हे कोन होय म्हनू? नाव सांग, मी आता जाऊन सांगतो. चाल संग."

"सांग की आपल्याला एकत्र राहायचंय."

"सांगतलं. बाप म्हने, मैतरीन हाय तं लगनाले बोलाव. लगन झाल्यावर का मैतरीन मरते?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, हेच मला सहन झालं नाही. "म्या लय इचार केला. मानूस चांगला हाय. वाईट असता तं मी लढली असती. चांगल्या मानसाशी कशी लढतात ते तू नाई शिकवलं मले."

"खोली पाहून ठेवलीय आपण."

"माहीत हाय."

"तू शब्द दिला होतास."

तिने हातातली काडी ढिगावर टाकली. पुन्हा वाकली. पऱ्हाटीचं मूळ जमिनीत अडकलं होतं, तिने दोन्ही हातांनी ओढलं, निघालं नाही, तिने ते सोडून पुढचं धरलं.

तिला भीती वाटली असेल, हे मला कळतं. घर मोठं होतं, बापाचा मान मोठा होता, आणि माझ्याकडे कडुनिंबाची एक खिडकी होती. पण कळणं आणि माफ करणं या दोन गोष्टी आहेत. कोनाड्यातला कप उचलून पिणारी ती, तिच्या आईसमोर. मला वाटलं होतं हिला भीतीच माहीत नाही. ती माझ्यासाठी जातीशी भांडली आणि आमच्यासाठी तोंड उघडायची वेळ आली तेव्हा गप्प बसली. मला फसवलं ते तिच्या धैर्याने. ते नसतं तर मी खोलीची आगाऊ स्वप्नं पाहिली नसती.

मी ताईंकडे गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले.

"ताई, हे लग्न थांबवा. आम्ही दोघींनी एकत्र राहायचं ठरवलंय."

ताई हसल्या. "अगं, सवय होते. मैत्रीण गेली की वाटतंच असं."

"ही मैत्री नाही."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी खोलीचं दार लोटून घेतलं. ज्या बाईने आणीबाणीत फौजदारासमोर दार उघडं ठेवून जबानी दिली होती, तिने.

"हे कुणाकडे बोललीस?"

"कुणाकडेच नाही."

"बोलू नकोस. लोक टपलेलेच आहेत, शिकलेल्या बायका बिघडतात म्हणायला. एका तुझ्यापायी सगळ्या बदनाम होतील. ही वेळ नाही." मग मायेने म्हणाल्या, "जाईल ते. वय असतं."

मी म्हणाले, "ताई, आपण लिहिलंय, स्त्रीला आपला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे."

"हो, लिहिलंय."

"मग?"

 निवड कुणाकुणातून करायची ते आमच्या पत्रकात लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते नसतं हे मला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

लग्न हिंगणघाटला एका शाळेच्या पटांगणात झालं. मांडव नाही, वाजंत्री नाही, अंतरपाट नाही. पाहुण्यांना गूळ-फुटाणे. आदर्श विवाह. आमच्याकडच्या अशा लग्नांत वधूवर एकमेकांना फुलांऐवजी सुताचे हार घालतात, आणि रीत अशी की हार स्वतः कातलेल्या सुताचा हवा. मी मागे उभी होते. न जाणं मला शक्य नव्हतं. आमच्या वर्गातल्या सगळ्या मुली गेल्या होत्या, आणि मला शेवटपर्यंत वाटत होतं की ती सहीच्या आधी पेन खाली ठेवेल.

तिने सही केली. मग ताटातून हार उचलला आणि मी तो ओळखला.

जाड, पिवळसर पांढरा, एकसारखा पीळ बसलेला. तिच्या एकटीच्या सुताला असा पीळ कधीच बसला नसता. चादरीच्या गुंड्या तिच्याकडे होत्या. तिने नवं सूत कातलं नव्हतं. आमचं मोडलं होतं.

ताई माइकवर म्हणाल्या, "हा हार वधूने स्वतःच्या हाताने कातलेल्या सुताचा आहे."

मी ओरडले. मला ओरडायचं नव्हतं, पण खोटं ऐकून गप्प बसायला मला कुणी शिकवलेलं नाही.

"खोटं आहे! त्यातलं अर्धं सूत माझं आहे!"

 ती वळली. हार अजून तिच्या हातात होता. आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि तिला नीट कळलं मी काय म्हणते आहे. तिथल्या शेकडो माणसांत तिला एकटीला कळलं. एक क्षण वाटलं, ती बोलेल. तिची भुवई वर गेली होती.

मग कुणीतरी टाळी वाजवली.

मग सगळ्यांनी. ताईंचा गळा भरून आला होता, खरा की कसा ते मला आजही माहीत नाही. त्या म्हणाल्या, "पाहा! असं भगिनीप्रेम! मैत्रिणीनेही आपले श्रम या हारात ओवले आहेत." टाळ्या वाढल्या. तिच्या बापाने दुरून मला हात जोडले. नवरा मुलगा चांगला माणूस होता, त्याने माझ्याकडे बघून नम्रपणे मान लववली. आणि तिने त्या टाळ्यांमध्ये, तोंड फिरवून, हार त्याच्या गळ्यात घातला.

मी जन्मात बोललेलं सगळ्यात खरं वाक्य तेच. त्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या आणि ते कुणी ऐकलं नाही.

आता मी बोरगाव मेघेच्या त्याच खोलीत राहते. शाळेत शिकवते. काकू पहिल्या वर्षी विचारायच्या, "दुसरी कवा येते?" आता विचारत नाहीत. मध्यंतरी वर्ध्याच्या स्टँडवर ती दिसली, कडेवर मुलगी, शेजारी नवरा. तिने ओळख करून दिली, "ही माह्या होस्टेलची मैतरीन." एवढंच. मुलीने माझा पदर धरला होता. तिने मुलीचं एकेक बोट उलगडून तो सोडवला, फार हळू, आणि एस.टी. लागली तसे ते गेले.

शब्द मला अजून सापडलेला नाही. जे शब्द लोक वापरतात ते शिव्यांचे आहेत, ते मी घेणार नाही. पण शब्द नाही म्हणून ती गोष्ट नव्हती, हे मी आता कुणाकडून ऐकून घेणार नाही. ती होती. तिला ताण होता, पीळ होता, लांबी होती.

म्हणून एक मागणं. तुमच्या घरात, वर्गात, ओळखीत एखादी मुलगी लग्नाला नको म्हणेल, तेव्हा तिची कारणं गोळा करू नका आणि एकेक करून ती खोडू नका. चांगला मुलगा शोधून तिच्यासमोर उभा करू नका. तिला बाजूला बसवा आणि एकच विचारा: "तुला कुणासोबत राहायचंय?" विचारून झाल्यावर गप्प बसा. ती जे नाव घेईल ते घेऊ द्या, कुणाचंही असो. ते ऐकून तुम्हाला दार लोटून घ्यावंसं वाटेल. लोटू नका. आणि कृपा करून, टाळ्या वाजवू नका.